आधी पेन्सिल, मग पेन

घाटनांदूरच्या त्या घरात कालनिर्णय देवघराजवळ नाही, बैठकीतही नाही. ते स्वयंपाकघर आणि गोठा यांच्यामधल्या भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलेलं आहे. शेजारच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली पेन्सिल लोंबते आणि खालच्या फळीवर दोनशे पानी वही असते. वहीच्या कव्हरावर पिठाचे, हळदीचे आणि कसल्याशा औषधाचे डाग आहेत. घरात सतरा माणसं, तीन चुली (एक लाकडाची, दोन गॅसच्या), दोन म्हशी, एक बैलजोडी आणि अकरा एकर रान. या सगळ्याचं काय कधी व्हायचं, हे त्या भिंतीवर ठरतं.

आजींचं नाव इथे छापू नये अशी त्यांची अट होती, म्हणून आजीच म्हणते. सुना त्यांना आत्याबाई म्हणतात, मुलं माय म्हणतात आणि नातवंडांत ज्याला जे जमेल ते. आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे, मराठवाड्यातल्या त्यांच्या वयाच्या हजारो माणसांची असते तशी. ती शाळेतल्या गुरुजींनी घातलेली. खरी हकिकत त्यांच्या आईनं सांगितलेली: पोळा होऊन गेला होता आणि पोलीस अ‍ॅक्शन अजून व्हायची होती. तेवढ्यावरून हिशोब लागतो. १९४८चा श्रावणी पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला होता आणि भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या १३ सप्टेंबरला. म्हणजे आजी सप्टेंबर १९४८च्या पहिल्या दहा-बारा दिवसांतल्या. तारीख माहीत नसलेल्या या बाईला स्वतःच्या जन्माची जागा दोन घटनांच्या मधोमध बसवता येते, आणि घर चालवण्याची त्यांची सगळी रीत तशीच आहे. कोणती गोष्ट कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे त्या आधी पाहतात. आकडा मागून येतो.

शिक्षण चौथीपर्यंत. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा भिंतीवर काहीच नव्हतं. गावचा जोशी यायचा, पंचांग उघडून अमावस्या कधी, एकादशी कधी, ते सांगून शिधा घेऊन जायचा. पंचांग बाईच्या हातात येत नसे. पुढे १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं. त्यात इंग्रजी तारीख आणि तिथी एकाच चौकोनात, साध्या मराठीत शेजारी शेजारी छापलेली होती. पंचांगातली गणितं न येणाऱ्या माणसालाही ते वाचता येत होतं. आजींच्या घरी पहिलं कालनिर्णय कधी आलं ते त्यांना आठवत नाही. पण ते आल्यापासून जोशीबुवांना विचारायला पाठवायची वेळ फक्त मुहूर्तापुरती उरली, हे त्या ठामपणे सांगतात.

त्यांची पद्धत दोन ओळींत सांगता येते. जे ठरलं आहे ते कॅलेंडरावर पेन्सिलीनं लिहायचं. ते झालं की त्यावरून पेन फिरवायचं आणि काय झालं, किती झालं, ते वहीत घालायचं. महिन्याच्या शेवटी पान उलटण्याआधी त्या उभ्या राहून पान वाचतात. ज्या चौकोनात अजून पेन्सिलच आहे ते काम राहिलं. ते पुढच्या पानावर जातं, किंवा ‘सोडलं’ असं लिहून तिथेच बंद होतं. मी पाहिलं त्या सप्टेंबरच्या पानावर तीन पेन्सिली उरल्या होत्या: गोठ्याचा पत्रा, धाकट्या नातीचे डोळे आणि ‘गिरणीवाल्याशी बोलणे’.

‘‘ध्यानात ऱ्हातंय म्हणणारी मानसं बुडतेत,’’ आजी म्हणाल्या. ‘‘माझ्या सासूच्या ध्यानात समदं होतं. त्या गेल्या आन् समदं त्यांच्यासंगं गेलं. कोनाला किती उसनं दिलेलं, कोनत्या कणगीत बियाचं हाय, काय कळंना. वरीसभर आमी चाचपडत होतो.’’

त्या वर्षानंतर वही सुरू झाली.

आता म्हशीची गोष्ट सांगते. भिंत आणि वही मिळून काय करतात ते तिच्यात नीट दिसतं.

घरातली थोरली म्हैस २०२५ साली १२ फेब्रुवारीला भरवली. त्या दिवशी माघी पौर्णिमा होती. वहीतली नोंद एवढीच आहे: ‘माघ पुनव, थोरली भरवली, सकाळी.’ त्याच वेळी कॅलेंडरावर ५ मार्चच्या चौकोनात पेन्सिलीनं एक गोल काढला गेला. म्हशीचा माज साधारण २१ दिवसांनी फिरून येतो. एकविसाव्या दिवसाच्या आगेमागे ती पुन्हा माजावर आली, तर गाभ धरला नाही असं समजायचं. पण म्हशीत ‘मुका माज’ असतो. गायीसारखी ती हंबरून गोठा डोक्यावर घेत नाही, आणि उन्हाळ्याकडे जाताना तर खुणा आणखी पुसट होतात. म्हणून आजी त्या गोलाच्या दोन दिवस आधीपासून दोन दिवस नंतरपर्यंत पहाटे स्वतः गोठ्यात जातात. शेपटीखाली चिकट तार दिसते का, दूध चोरते का, वैरण टाकून उभी राहते का, एवढंच पाहायचं. दुधाचं तर वहीच सांगते. रोज सकाळ-संध्याकाळचं माप लिहिलेलं असल्यामुळे एका वेळेला अर्धा लिटर कमी आलं की लगेच दिसतं. मार्चमध्ये तसं काही झालं नाही. गोलावरून पेन फिरलं. दोन-अडीच महिन्यांनी पशुवैद्यकांनी हात घालून गाभण असल्याचं सांगितलं, तेव्हा ती बातमी घरात कुणालाच नवी नव्हती.

पुढचा हिशोब विण्याच्या दिवसाचा. म्हैस साधारण ३१० दिवस गाभण असते. गावात याला दहा महिने दहा दिवस म्हणतात आणि मोबाईलवर तारखा मोजणारी पोरं इंग्रजी महिन्यांनी तसंच मोजतात. १२ फेब्रुवारीपासून दहा महिने म्हणजे १२ डिसेंबर, वर दहा दिवस म्हणजे २२ डिसेंबर. आजी चंद्रानं मोजतात. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे दहा चांद्रमास म्हणजे २९५ दिवस. त्यात एक पंधरवडा घातला की बरोबर ३१० होतात. पौर्णिमेला भरवलेली म्हैस दहा महिने ओलांडून पुढच्या अमावस्येच्या आसपास विणार. माघ पौर्णिमेपासून मोजत गेलं की ती मार्गशीर्ष अमावस्या येते, १९ डिसेंबर. मी कागदावर ३१० दिवस मोजून पाहिले. १९ डिसेंबरच येतो.

म्हैस काही तारीख वाचून वीत नाही, आठवडाभर इकडे-तिकडे होतंच. पण तयारी कोणत्या दिवसाभोवती करायची हे ठरतं. आणि त्या दिवसापासून मागे मोजायला सुरुवात होते. विण्याच्या आधी दोन महिने म्हशीला आटवायची, म्हणजे धार काढणं बंद करायचं. पोटातलं रेडकू शेवटच्या दोन महिन्यांतच झपाट्यानं वाढतं आणि कासेलाही विसावा लागतो. १९ डिसेंबरच्या दोन महिने आधी म्हणजे १९ ऑक्टोबर. त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ला. म्हणजे ऐन दिवाळीत थोरली आटलेली असणार, हे आजींना फेब्रुवारीतच कळलं होतं.

सतरा माणसांच्या घरात दिवाळीला दूध अर्ध्यावर येणं ही लहान गोष्ट नाही. लेकी येतात, जावई येतात, करंज्यांना खवा लागतो आणि तूप तर सगळ्यालाच. म्हशीच्या दुधाचं एक किलो तूप करायला साधारण पंधरा-सोळा लिटर दूध जातं. घरच्या फराळाला आजी चार किलो धरतात. म्हणजे साठाहून अधिक लिटर दुधाचं लोणी आधी बाजूला पडायला हवं. ते ऑक्टोबरमध्ये शक्य नाही हे दिसल्यावर त्यांनी मे महिन्याच्या पानावर लिहिलं: ‘आखाडापासून लोणी साठवणे.’ आषाढापासून डेअरीला जाणाऱ्या दुधातलं थोडं रोज मागे ठेवलं गेलं. श्रावण संपेपर्यंत चार किलो तुपाची बरणी भरली आणि दुधाची जास्तीची विक्री पुन्हा सुरू झाली. थोरली सून म्हणाली, ‘‘आमाला दिवाळीत कळतं दूध नाही म्हणून. आत्याबाईला होळीच्या आदीच कळतं.’’

इथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. घोटाळा होतो तो अधिक महिन्यामुळे, आणि त्यासाठी वहीतलं एक जुनं पान आजींनी मला मुद्दाम उघडून दाखवलं. २०२३ साली शेजारच्या घरातली म्हैस होळीच्या पुनवेला भरवली होती. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी महिन्यांच्या नावांनी मोजलं: चैत्र, वैशाख, ज्येष्ठ असं करत दहावा पौष, आणि वर पंधरवडा. म्हणजे पौष अमावस्या, फेब्रुवारीतली. पण त्या वर्षी श्रावण दोन होते. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण आणि मग निज श्रावण. नावं बारा असली तरी महिने तेरा झाले. त्यामुळे म्हैस महिनाभर आधी, जानेवारीतच व्याली. आणि फेब्रुवारी गृहीत धरल्यामुळे तिला वेळेवर आटवलं नव्हतं. नोव्हेंबर संपून डिसेंबर लागला तरी धार चालूच होती. रेडकू अशक्त जन्मलं आणि त्या वेताला म्हशीनं दूधही कमी दिलं. आजींच्या वहीत त्याखाली लिहिलं आहे: ‘धोंडा असंल त्या साली नावानं मोजू नये, पुनवा मोजाव्या.’

धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे द्यायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. तो महिना कशासाठी घालावा लागतो हे आजी गोठ्यावरून समजावतात. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५. दर वर्षी अकरा दिवस मागे पडतात. तसंच सोडलं तर दिवाळी पावसाळ्यात येईल आणि पोळा पेरणीच्या आधी. म्हणून साधारण ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरून तिथ्या पुन्हा ऋतूवर आणून बसवतात. सण जागेवर येतात, पण त्या एका वर्षापुरता मोजणाऱ्याचा पाय घसरतो. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, १७ मे ते १५ जून. त्या फेब्रुवारीत माघी पौर्णिमेला भरवलेल्या म्हशींसाठी मार्गशीर्ष अमावस्येची वाट पाहू नये. त्या कार्तिकातल्या अमावस्येला, ८ डिसेंबरच्या आसपास विणार.

वहीतली दुसरी गोष्ट दळणाची आहे. ती म्हशीइतकी नाट्यमय नाही, पण घराचं पोट तिच्यावर आहे.

या घरात मुख्य खाणं ज्वारीची भाकरी. गहू सणाला आणि पाहुण्याला. गिरणीत ज्वारी जाते तेव्हा आजी वहीत तारीख आणि वजन लिहितात, बाकी काही नाही. वीस किलोचं दळण सध्या पाच दिवस पुरतं. म्हणजे दिवसाला चार किलो पीठ आणि चाळीसेक भाकरी. वर्षाला त्र्याहत्तर दळणं, १४ क्विंटल ६० किलो ज्वारी. उन्हाळ्यात लेकी लेकरं घेऊन येतात, काढणीला माणसं जेवतात, एखादं लग्न निघतं. म्हणून आजी अठरा क्विंटल घरात ठेवायला सांगतात. त्यावरची विकायची.

हा आकडा कुणी सांगितलेला नाही, तो तारखांमधल्या अंतरातून निघाला आहे. आठ वर्षांपूर्वीच्या वहीत तेच वीस किलो सहा-सात दिवस जात होते. मधल्या काळात घरात माणूस वाढलं नाही, पण चार नातवंडं चौदा-पंधरा वर्षांची झाली. ‘‘पोरगं वाडाया लागलं की आदी दळनात दिसतंय, मंग उंचीत,’’ आजी म्हणतात. एकदा मात्र कारण वेगळं निघालं. एका पावसाळ्यात दळण अचानक चार दिवसांत संपू लागलं. पाहुणा नव्हता, भाकरीही तेवढ्याच. आजींनी गिरणीवरून आलेलं पीठ घरच्या काट्यावर ठेवलं तेव्हा तिथे काही उणं नव्हतं. मग कोठीत कोपरापर्यंत हात घातला. आतलं धान्य कोमट लागलं. वरची ज्वारी छान होती, खाली सोंडे लागले होते. पोखरलेलं धान्य वजनाला वीस किलो भरायचं, पण चाळणीतून भुसा होऊन जायचा. कोठी रिकामी केली, ज्वारी उन्हात घातली, दोन पोती जनावरांना गेली. तेव्हापासून कॅलेंडरावर पावसाळ्याच्या प्रत्येक महिन्यात एका चौकोनात ‘कोठी, हात’ असं येतं. हाताला ऊब लागली की किडा आला. दात लावल्यावर दाणा कट्‌ न वाजता दबला, तर तो ओला भरला गेला. या दोन परीक्षांना काही लागत नाही, पण त्या वेळच्या वेळी व्हाव्या लागतात. आणि वेळ आठवून देण्याचं काम भिंतीचं आहे.

धान्य विकण्याच्या वेळी या वहीचा सगळ्यात मोठा उपयोग होतो. ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते, त्याच वेळी सगळ्यांची येते आणि भाव पडलेला असतो. त्याच वेळी घरातल्या पुरुषांना पैशाची नड असते. ‘ठेवू तेवढी, बाकी काढू’ यातलं ‘तेवढी’ म्हणजे किती, हा दर घरात वाद असतो. इथे तो होत नाही. मधल्या मुलानं मला सांगितलं की एका वर्षी त्यांनी आईचं न ऐकता आणखी चार क्विंटल विकली आणि दिवाळीनंतर तीच ज्वारी जास्त भावानं विकत आणली. आजींनी त्यावर काही बोलून दाखवलं नाही. दोन्ही व्यवहार वहीत एकाखाली एक लिहिले. ते पान अजून आहे.

वही उलटी करून मागच्या बाजूनं उघडली की आहेराचा भाग लागतो. कुणाच्या लग्नात आपण काय दिलं आणि आपल्याकडे कुणी काय आणलं. लुगडं, टोपी-टॉवेल, भांडं, रोख. याबद्दल फार लिहीत नाही, मराठवाड्यात बहुतेक घरी अशी यादी असते. आजींच्या यादीत वेगळं एवढंच की ज्या घरावर वाईट वर्ष आलं त्याच्या नावापुढे त्या बारीक फुली करतात. त्या घराकडून परत आहेर आला नाही तरी तो मोजायचा नाही, अशी ती खूण. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्याच्या आगेमागे या वहीत अशा फुल्या ओळीनं आहेत.

आणखी एक छोटा कोपरा शेजारच्यांसाठी आहे. बीड जिल्ह्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. शेजारचं एक जोडपं गेलं की त्यांची दोन लेकरं आणि म्हातारी इथे उरते. लेकरांच्या लसी, शाळेचे कागद, म्हातारीच्या गोळ्या संपायचा दिवस, हे सगळं आजींच्या कॅलेंडरावर वेगळ्या बाजूला तिरक्या अक्षरात येतं. कारखान्याचा पट्टा पडून ते परतले की ती तिरकी अक्षरं थांबतात.

तिथीचं बोलायचं तर घराला सगळ्यात जास्त कामाला लावते ती येळवस. घाटनांदूर बीड जिल्ह्यात असलं तरी लातूरच्या अंगाला आहे. लातूर रोडहून परळीकडे जाणारी रेल्वे इथे थांबते आणि सणवार त्या बाजूचे आहेत. मार्गशीर्ष अमावस्या, म्हणजे वेळा अमावस्या, हा इथला मोठा सण. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात आणि जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. कडब्याची कोप उभी करून पाच पांडवांची पूजा करायची आणि सगळ्या गोतावळ्यानं रानात जेवायचं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आजींच्या शेतात साठेक पानं उठतात.

ही तयारी त्या मागे मोजत आणतात. आंबिलीला ताक लागतं आणि ते अमाप लागतं. त्यासाठी आधी चार दिवस विरजण लावावं लागतं. २०२५ची येळवस १९ डिसेंबरची. थोरली म्हैस त्या वेळी आटलेली असणार किंवा त्याच दिवशी विणार. व्याली तरी पहिले पाच दिवस चीक, त्याचं ताक होत नाही. म्हणजे भार धाकट्या म्हशीवर. म्हणून १४ डिसेंबरपासून डेअरीचं दूध बंद, असं आधीच पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. येळवसेच्या चौकोनात दुसरी ओळ होती: ‘मधली घरी थांबणे, गोठा.’ म्हणजे सगळं घर रानात असताना मधली सून म्हशीजवळ राहणार. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ती म्हणाली, ‘‘गेल्या बारीला थोरल्या जाऊबाई थांबल्या होत्या. लिहिलेलं हाय की.’’ मी वही चाळली. खरंच लिहिलेलं होतं. २०२४, ३० डिसेंबर, सोमवती, कोण घरी थांबलं. कुणावर अन्याय होतो आहे असं कुणाला वाटलं तर बोट ठेवायला जागा आहे. सतरा माणसांच्या घरात भांडणं होत नाहीत असं नाही. पण ‘दर वेळी मीच’ हे वाक्य या घरात पानं उलटून तपासता येतं. एकत्र कुटुंबाच्या गोडव्याबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. मला वाटतं, ती टिकतात ती अशा नोंदींवर, आणि बहुतेक ठिकाणी नोंद नसल्यामुळेच मोडतात.

२०२२च्या दिवाळीत नवं कालनिर्णय आलं तेव्हा आजींनी नेहमीप्रमाणे पाडव्याला जुनं आणि नवं शेजारी ठेवून पुढच्या वर्षाच्या गोष्टी उतरवायला घेतल्या: श्राद्धाच्या तिथ्या, विम्याचे हप्ते, गाभण जनावरं. येळवसेवर येऊन त्या अडल्या. बारा पानं पालथी घातली तरी २०२३मध्ये मार्गशीर्ष अमावस्याच नव्हती. नातू म्हणाला, छापायची राहिली. ती राहिली नव्हती. २०२२ची येळवस २३ डिसेंबरला होती. पुढच्या वर्षी अधिक श्रावण मध्ये आल्यामुळे नंतरची येळवस थेट ११ जानेवारी २०२४ला गेली आणि मधलं इंग्रजी वर्ष कोरडं राहिलं. २०२४मध्ये मात्र दोन झाल्या, ११ जानेवारीला एक आणि ३० डिसेंबरला दुसरी.

हे केवळ गमतीचं नाही. भज्जी रानातल्या ओल्या दाण्यांची असते आणि रान कॅलेंडर पाहून थांबत नाही. जानेवारीच्या येळवसेला तूर राशीला गेलेली असते. ओला हरभरा, वाटाणा, वाल मिळतात, तुरीचे कोवळे दाणे मिळत नाहीत. त्या वर्षीची नोंद अशी आहे: ‘तूर वाळली, भज्जी बरी नाही झाली. पुढच्या बारीला दाणे आदी काढून ठेवणे.’ धाकट्या सुनेनं ते वाचून तोडगा काढला आहे. डिसेंबरात दाणे सोलून, उकळत्या पाण्यातून काढून फ्रीजरमध्ये ठेवायचे. आजींना फ्रीजरचा भरवसा नाही, पण त्यांनी तो तोडगा वहीत तिच्या नावानं लिहिला आहे.

धाकटी सून बी.ए. झालेली आहे आणि गेल्या वर्षापासून वही तिच्या हाती आहे. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, शस्त्रक्रिया झाली, पण बारीक चौकोनात लिहिणं जमत नाही. त्या सांगतात, ती लिहिते. लातूरला शिकणाऱ्या नातवानं सगळं मोबाईलवर घालून दिलं होतं. एकवीस दिवसांचा गजर वाजला तेव्हा तो फोन लातूरच्या वर्गात होता आणि म्हैस घाटनांदूरच्या गोठ्यात. भिंतीचं बरं असं की ती घरात जो असेल त्याला दिसते. वाचता न येणाऱ्या गड्यालाही गोल आणि फुली कळते. फोनचा उपयोग नाही असं नव्हे. अनुदानाचे संदेश, विम्याची शेवटची तारीख फोनवरच येते आणि तिथून भिंतीवर जाते. फक्त फोनवर राहिलं ते राहून जातं, असा धाकट्या सुनेचा अनुभव आहे.

आजींना न जमणारी गोष्टही सांगायला हवी. पाऊस त्यांच्या कॅलेंडरात बसत नाही. नक्षत्रं छापलेली असतात, मृग, आर्द्रा, पुष्य, आणि त्यांची वाहनंही. एके काळी पेरणी त्यावर ठरायची. जुन्या वह्यांत प्रत्येक नक्षत्रापुढे पाऊस पडला की नाही याची खूण आहे आणि त्या खुणा वाचत गेलं की नक्षत्र आणि पाऊस यांची जोडी हळूहळू सुटत गेलेली दिसते. मृगाच्या पेन्सिलीवर पेन न फिरलेली वर्षं बरीच आहेत. आता पेरणीच्या चौकोनात त्या तारीख घालत नाहीत. ‘वीतभर ओल’ एवढंच लिहितात. जमिनीत वीतभर ओल गेली की पेरायचं.

जुनी कालनिर्णयं त्यांनी रद्दीत घातलेली नाहीत. गुंडाळी करून माळ्यावर ठेवली आहेत, वह्यांसकट. एक-दोन वर्षांची उंदरांनी खाल्ली. धाकटी सून आता त्यांतली जनावरांची आणि धान्याची पानं एका नव्या जाड वहीत उतरवून काढते आहे. काम सावकाश चाललं आहे, कारण कित्येक खुणांचा अर्थ आजींनाच विचारावा लागतो आणि काहींचा त्यांनाही आठवत नाही. तुमच्या घरी अशी वही असेल तर लिहिणारी समोर असतानाच तिच्या खुणा विचारून घ्या.

आणि लातूर, अंबाजोगाई, परळी भागातली जी माणसं पुण्या-मुंबईला आहेत आणि येळवसेला गावी जायचं ठरवून आहेत त्यांच्यासाठी: २०२५ची येळवस १९ डिसेंबरची, शुक्रवारी. २०२६च्या कॅलेंडरात शोधू नका, ज्येष्ठ अधिक असल्यामुळे त्या वर्षात ती नाही. त्यानंतरची ७ जानेवारी २०२७ला आहे, गुरुवारी.